तीन वेळा भेटतो, पण आहोत कोण?

ताई, मी एकोणतीस वर्षांची. मूळची तासगावची, नोकरीसाठी सांगलीत विश्रामबागेत राहते. तो मिरजेत एका लॅबमध्ये कामाला आहे. गेल्या दिवाळीपासून आम्ही आठवड्यातून तीनदा तरी भेटतो. कधी कृष्णाघाटावर, कधी हरिपूरला, सुट्टी असली तर दंडोबाला. मला डेंग्यू झाला तेव्हा रोज डबा घेऊन यायचा. हात धरतो. पण हे काय आहे ते तो बोलला नाही, मीही नाही. मैत्रीण म्हणते ही ‘सिच्युएशनशिप’ आहे, सोड. मध्ये मी मुद्दाम चार दिवस मेसेज केला नाही, तर पाचव्या दिवशी ‘कुठे गायब?’ एवढंच आलं. मग कराडचं एक स्थळ आलंय असं सांगून बघितलं, तर म्हणाला, ‘बघ की, चांगलं असेल तर.’ त्याच्या मनात काय आहे तेच कळत नाही. तुळशीचं लग्न झालं की घरचे स्थळं बघायला लागणार. विचारलं आणि तो निघूनच गेला तर?
– एक वाचक, सांगली

प्रिय मैत्रिणी,

‘बघ की, चांगलं असेल तर’ या वाक्यावर तू किती रात्री काढल्या असशील, याची मला कल्पना आहे. म्हणून आधी त्याचंच बोलू.

तू त्याला काय सांगितलंस? स्थळ आलंय. त्याने कशाबद्दल उत्तर दिलं? स्थळाबद्दल. त्याच्याबद्दल तू काही विचारलंच नव्हतंस. तुला ऐकायचं होतं ‘नको बघूस’, पण ते म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे त्याला तरी कुठे माहीत आहे? त्याच्या जागी बसून ऐक जरा. जिच्याबरोबर इतके महिने आपण फिरतोय, तीच एक दिवस सहज सांगते की कराडचं स्थळ आलंय. म्हणजे हिच्या मनात आपला विचार नाही, असा अर्थ त्याने लावला असेल आणि मान राखून ‘बघ की’ म्हणाला असेल. किंवा त्याला खरंच काही वाटत नसेल. किंवा वाटत असेल, पण स्वतःच्या घरची अडचण डोळ्यांसमोर आली असेल. ते एकच वाक्य या तिन्ही ठिकाणी चपखल बसतं. चार दिवस मेसेज न करण्याचंही तेच. ‘कुठे गायब?’ हे काळजीनेही लिहिता येतं, सवयीनेही, आणि रुसव्यानेही.

लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मॉट या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ साली नेमकं हेच तपासलं होतं. नात्यात आपण कुठे आहोत हे कळत नसलं की माणसं सरळ विचारण्याऐवजी काय करतात? गुपचूप परीक्षा घेतात. थोडे दिवस लांब राहून बघतात. तिसऱ्या माणसाचं नाव मध्ये आणून समोरच्याला मत्सर वाटतो का बघतात. मित्रांकडून काढून घेतात. चारचौघांत ‘ही माझी गर्लफ्रेंड’ असं म्हणून चेहरा न्याहाळतात. यातल्या दोन परीक्षा तू घेतल्या आहेस. तसं करणारी तू पहिली नाहीस आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण अशा परीक्षेत समोरच्याला परीक्षा चालू आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे निकाल लागतो तो आपल्या मनातल्या भीतीप्रमाणे. तो पाचव्याऐवजी तिसऱ्या दिवशी आला असता, तरी पहिल्या दिवशी का नाही आला म्हणून तू झुरली असतीस. तेव्हा यापुढे एकही परीक्षा नको. ते कराडचं स्थळ तर या खेळात अजिबात नको. तो मुलगाही कुणाचा तरी मुलगा आहे, आणि त्याच्या घरीही पोह्यांच्या कार्यक्रमाची तयारी चालू असेल.

याच दोघांनी पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. जवळच्या नात्यात माणसं कोणता विषय सर्वांत जास्त टाळतात? ‘आपलं हे नातं आज कुठे आहे’ हाच. म्हणजे तो बोलत नाही एवढ्यावरून त्याला काही नको आहे, असं ठरवता येत नाही. तूही बोललेली नाहीस, आणि तुला तर हवं आहे. तुझी मैत्रीण ‘सोड’ म्हणते ते तुझ्या काळजीपोटी. पण आजवर कुणी काही विचारलेलंच नाही, तिथे उत्तर आलं नाही म्हणून सोडायचं कसं?

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती सांगते. त्याच्या मनात काय आहे हे तू विचारलंस. तुझ्या मनात काय आहे हे पत्रभर कुठेही नाही. हवं आहे असं मी वर म्हटलं, तो माझा अंदाज आहे, तू तसं लिहिलेलं नाहीस. लीॲन नोब्लॉक आणि डेनिस सॉलोमन या अभ्यासकांनी नात्यातल्या या संभ्रमाचे तीन भाग वेगळे केले आहेत. मला काय हवंय याचा संभ्रम, त्याला काय हवंय याचा, आणि या नात्याचंच काय, म्हणजे इथे काय चालतं, काय चालत नाही आणि पुढे काय, याचा. तिन्ही एकत्र झाले की सगळं ‘त्याच्या मनात काय आहे’ याच एका प्रश्नासारखं वाटायला लागतं. त्यातला पहिला भाग सोडवायला तुला त्याची गरजच नाही. तो आधी उरक.

एका संध्याकाळी भेट ठरवू नकोस आणि कागद घेऊन बस. समज, उद्या तो म्हणाला, ‘मला तू हवी आहेस, लग्न करू.’ येत्या रविवारी तासगावला जाऊन आईला सांगशील? जात, घर, पगार, मिरजेला राहणं, त्याच्या आईवडिलांची जबाबदारी, जे काही असेल ते सगळं धरून सांगशील? ‘हो’ पटकन आलं तर छान. ‘थांब जरा’ आलं, तर ते ‘थांब’ कशासाठी ते लिही. कदाचित तुलाही आत्ता लग्न नको असेल, फक्त आपण एकमेकांचे आहोत एवढी खात्री हवी असेल. आपल्याकडे या दोन गोष्टी चिकटलेल्या असतात. मुलीने ‘आपण एकत्र आहोत ना?’ विचारलं की मुलाला थेट मांडव दिसतो आणि तो बिचकतो, आणि मुलीलाही वाटतं आपण लग्नाचंच विचारलं. तुला यातलं नेमकं काय विचारायचंय ते तुला एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. येत नसेल तर अजून आठवडाभर थांब. त्यापेक्षा जास्त नको.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट होईल. डेंग्यूतला डबा, धरलेला हात, दंडोबा, हे सगळं तू पुरावा म्हणून मांडलं आहेस. माया आहे याचा तो पुरावा आहेच, आणि ती माया खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण माया असणं आणि निर्णय घेतलेला असणं यात मोठं अंतर असतं. निर्णयाच्या खुणा वेगळ्या असतात. तो पुढच्या महिन्याचं काही तुला धरून ठरवतो का? बहिणीला, एखाद्या मित्राला तुझं नाव माहीत आहे का? नोकरी बदलायचा विचार तुला आधी सांगतो की झाल्यावर? आता यातही एक अडचण आहे. सांगलीसारख्या गावात चांगला मुलगा मुद्दाम नाव लपवून ठेवतो, कारण उद्या काही जमलं नाही तर बोल मुलीला लागतात. त्यामुळे ‘त्याने घरी सांगितलं नाही’ यावरूनही निकाल लावू नकोस. या खुणा फक्त बोलताना तुझ्याजवळ असू देत.

आता प्रत्यक्ष बोलण्याचं. व्हॉट्सॲपवर नको. निळ्या टिक दिसल्या आणि उत्तर नाही, या दोन तासांत माणूस वेडा होतो. गाडीवर तर मुळीच नको. आपल्याकडे निम्मी महत्त्वाची बोलणी बाईकवर मागे बसून होतात, त्याच्या हेल्मेटशी बोलल्यासारखी. चेहरा दिसत नाही, अर्धं वाऱ्यात जातं, आणि ‘काय म्हणालीस?’ विचारलं की आपण ‘काही नाही’ म्हणून मोकळ्या होतो. हॉटेलही टाळ, शेजारच्या टेबलावर कुणाचे तरी काका निघतात. तुमच्या सवयीची जागा चालेल. कृष्णाघाट किंवा हरिपूरचा संगम, पण सकाळी, गर्दी नसताना, दोघांनाही पुढचा तासभर कुठे पळायचं नसताना. पितृपंधरवडा आहे म्हणून पुढे ढकलू नकोस, नंतर नवरात्र, मग दिवाळीची खरेदी, कारणांना तोटा नाही. आदल्या दिवशी त्याला सांगून ठेव, ‘उद्या जरा निवांत बोलायचंय. भांडण नाही, काळजी करू नको.’ यामुळे तो रात्रभर विचार करेल. करू दे. बेसावध माणसाकडून जे पहिलं तोंडातून निघतं, ते बहुतेक वेळा बचावाचं असतं.

सुरुवात ‘आपलं नक्की काय आहे?’ अशी करू नकोस. त्यात सगळं ओझं त्याच्यावर जातं. आधी बोलणाऱ्याने उघडं पडायचं आणि विचारणाऱ्याने झाकून राहायचं, असा तो प्रश्न आहे. त्यावर साधा माणूस सर्वांत सुरक्षित शब्द निवडतो, ‘मैत्री’. आणि एकदा तो शब्द उच्चारला की तो परत घेणं त्यालाही जड जातं. तू आधी तुझं सांग. तुझ्याच भाषेत, पण साधारण असं:

‘इतके महिने आपण भेटतोय. मला तू आवडतोस, आणि माझ्यासाठी ही नुसती मैत्री राहिलेली नाही. आपण एकमेकांचे आहोत असं धरून पुढे जावं आणि लग्नाचा नीट विचार करावा असं मला वाटतं. तुला काय वाटतं?’

यातला ‘लग्नाचा’ भाग कागदावर आला असेल तरच बोल. आणि शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बस. सगळ्यात जास्त गाडी घसरते ती इथे. तो नदीकडे बघत राहील, हातातला भडंगाचा कागद दुमडेल, घडी घालेल, परत उलगडेल. ती पंधरा-वीस सेकंदं तुला भलतीच मोठी वाटतील आणि तुझ्या तोंडून येईल, ‘नाही म्हणजे, तसं काही नाही, मी आपलं सहज विचारलं.’ झालं. प्रश्न तू विचारलास आणि तूच परत घेतलास. त्यालाही सुटल्यासारखं होणार, आणि तू घरी जाऊन म्हणणार, ‘मी विचारलं, पण तो काही बोललाच नाही.’ त्या शांततेत त्याला राहू दे. तो विचार करतोय.

स्थळांचं शेवटी सांग, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. ‘तुळशीच्या लग्नानंतर घरी बघायला लागणार आहेत. तोवर मला माझं स्पष्ट हवंय, म्हणून आत्ता बोलले.’ आणि शक्य झालं तर मागचंही सांगून टाक, ‘कराडच्या स्थळाचं सांगितलं ते तू काय म्हणतोस बघायला सांगितलं होतं.’ हे सांगायला जड जाईल. पण त्या वाक्याने तो दुखावला असेल, तर ते तिथल्या तिथे मोकळं होईल.

उत्तर सरळ ‘हो’ आलं तर त्याच बैठकीत एक छोटं पाऊल ठरवा. तू आईला कधी सांगणार, तो बहिणीला कधी सांगणार, वार ठरवून. नाहीतर ‘हो’ म्हणून पुन्हा तेच बुधवार, शुक्रवार, रविवार सुरू होतात.

‘नाही’ आलं, म्हणजे ‘तू चांगली आहेस, पण मी तसा विचार केलेला नाही’, तर त्याला पटवायला बसू नकोस. पण लगेच ‘चालेल, मैत्री तर आहेच ना’ असंही म्हणू नकोस. आठवड्यातून तीनदा हात धरून बसायचं आणि त्याला मैत्री म्हणायचं हे तुला झेपणार नाही. काही महिने भेटी पूर्ण बंद. मैत्री व्हायचीच असेल तर त्यानंतर होईल.

तुला बहुधा मिळेल ते तिसरं उत्तर. ‘मला थोडा वेळ दे.’ ‘आत्ताच कशाला नाव द्यायचं?’ ‘चाललंय ते छान आहे की.’ ही तिन्ही एकाच सुरात येतात, पण सारखी नाहीत. वेळ मागणाऱ्याला एवढंच विचार, ‘कशासाठी आणि कधीपर्यंत?’ खरी अडचण असलेला माणूस याला उत्तर देऊ शकतो. मोठ्या बहिणीचं लग्न ठरायचंय, तोवर मला घरी विषय काढता येणार नाही. लॅबमधली नोकरी कायम होणार की नाही ते डिसेंबरात कळेल. आपल्या घरांमध्ये या अडचणी खऱ्या असतात आणि त्यांना तारीख असते. टाळणाऱ्याकडे तारीख नसते, आणि दर वेळी कारण बदलतं. आधी नोकरी, मग आईची तब्येत, मग ‘तू फार घाई करतेस’.

‘चाललंय ते छान आहे’ म्हणणाऱ्याचं छानही मनापासूनचं असू शकतं. त्याला खरंच एवढंच हवं असेल. तसं असेल तर तो वाईट ठरत नाही, पण तुझ्यासाठी ते ‘नाही’च आहे, भले ते हसत आलेलं असो.

आणि एका गोष्टीपासून सावध राहा, कारण ती इतकी गोड असते की कळतच नाही. बोलणं झाल्यावर आठवडाभर तो जास्तच प्रेमाने वागेल. रोज फोन, दंडोबाचा बेत, एखादी साडी किंवा घड्याळ. प्रश्न तेवढा तसाच. तुला वाटेल हेच उत्तर आहे, शब्दांची काय गरज. मग पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं. तो मुद्दाम फसवतो असं नाही, तुला गमवायची भीती त्यालाही वाटली असते. पण जवळीक वाढली आणि निर्णय जिथल्या तिथे, असं झालं तर पुढच्या भेटीत प्रश्न पुन्हा एकदा, तेवढ्याच शांतपणे विचार. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली, तर त्याचं उत्तर तुला मिळालं आहे असं धर.

मी तारखेवर एवढा जोर का देते? स्कॉट स्टॅनली, गलीना रोड्स आणि हॉवर्ड मार्कमन या अभ्यासकांनी २००६ साली अमेरिकेतल्या लग्नाआधी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांविषयी एक मुद्दा मांडला. बरीच जोडपी ठरवून पुढे जात नाहीत, घसरत जातात. आधी एक टूथब्रश, मग कपडे, मग एकच भाडं. निर्णय झालेला नसतो, पण बाहेर पडणं दर महिन्याला जड होत जातं, आणि काही जण मग केवळ बाहेर पडणं अवघड म्हणून लग्नापर्यंत पोचतात. तुमचं घर एक नाही, पण घसरण तीच आहे. संध्याकाळी त्याच्यासाठी राखीव, ऑफिसच्या मैत्रिणी विचारायच्या बंद झालेल्या, स्थळं मनातल्या मनात आधीच नाकारलेली. हे सगळं तू न ठरवता देऊन बसली आहेस. अजून एक वर्ष असंच गेलं तर त्याने ‘नाही’ म्हटलेलं आजच्यापेक्षा कितीतरी जास्त लागेल. तू विचारतेस, विचारलं आणि तो निघून गेला तर? एका प्रश्नाने जो निघून जाईल, तो प्रश्न न विचारताही कधीतरी जाईल, आणि तोवर तू आणखी एक दिवाळी त्याची वाट बघत काढलेली असशील.

म्हणून तुळशीच्या लग्नाची मुदत स्वतःसाठी ठेव. त्याला ती सांगितलेली आहेच. घरीही आईला एवढंच सांग, ‘मला तेवढे दिवस द्या, मग मी स्वतः सांगते.’ नाव सांगायची गरज नाही. आई समजेल, बहुधा तिला अर्धं आधीच समजलेलं असतं. मुदत संपली आणि उत्तर नाही, तर रागावणं नको, लांबलचक मेसेज नको. ‘मला अजून असं चालू ठेवता येणार नाही’ असं समोर बसून सांगायचं आणि भेटी थांबवायच्या. त्यानंतर स्थळं बघायला हो म्हणायचं की आणखी थोडं थांबायचं हे तुझं तू ठरव. त्याला जळवण्यासाठी मात्र कुणाच्या समोर पोहे घेऊन जाऊ नकोस.

विचारल्यावर तो चिडला, ओरडला, ‘एवढं फिरवलं तुला’ अशा भाषेवर आला, किंवा तुमच्या फोटोंचा विषय काढला, तर हे सगळं बाजूला ठेव आणि लगेच घरच्या विश्वासातल्या माणसाला सांग. डबा आणणाऱ्या मुलाकडून मला तसं वाटत नाही, पण सांगून ठेवते.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. त्या सकाळी त्याच्या गाडीवरून जाऊ नकोस. तुझी स्कूटी घेऊन जा, त्याला त्याची आणू दे. उत्तर मनासारखं आलं तर दोन गाड्या पुढेमागे चालवत याल, काही बिघडत नाही. नाही आलं, तर हरिपूरपासून विश्रामबागेपर्यंत त्याच्या पाठीला चेहरा लपवून बसायची वेळ तुझ्यावर येणार नाही. आणि ‘सोड’ म्हणणाऱ्या त्या मैत्रिणीला त्या दिवशी संध्याकाळी जेवायला बोलावून ठेव.